निरोपाचा ईमेल: बावन्न जणांना लिहिलेलं शेवटचं पत्र

पार्श्वभूमी

कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल कधी करायची, कोणी करायची, केली की नाही, याची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही विकतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे देखभाल विभागाचा प्रमुख. हा माणूस ईमेलवर कमी आणि यंत्रापाशी जास्त असतो. त्याच्या दिवसाचा पहिला तास रात्रपाळीत काय बंद पडलं हे ऐकण्यात जातो आणि शेवटचा तास ते का बंद पडलं हे वरच्यांना सांगण्यात.

विक्रीचं काम पाहणारी आमच्याकडे तेव्हा एकच प्रतिनिधी होती. तिने बावन्न जणांची यादी काढून पाच ईमेलची मालिका लावली होती. पहिला ईमेल ओळखीचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा पाच दिवसांनी, आणि पुढचे दोन त्याहून जास्त अंतराने. हे सगळं आपोआप पाठवणारं एक साधन आम्ही वापरत होतो. समोरच्याचं उत्तर आलं की ते त्याची मालिका थांबवतं.

बावन्नपैकी अकरा जणांनी कधी ना कधी प्रतिसाद दिला होता. कुणी डेमो पाहिला, कुणी प्रस्ताव मागवला, कुणी फक्त 'पुढच्या आठवड्यात बोलू' इतकंच लिहिलं, आणि मग सगळे गप्प झाले. या अकरा जणांना तिने पुन्हा मालिकेत टाकलं होतं. उरलेल्या एक्केचाळीस जणांकडून पहिल्या दिवसापासून एक अक्षरही आलेलं नव्हतं.

पाचवा ईमेल जाऊन आठवडा झाला होता. मालिकेत सहाव्या ईमेलची जागा रिकामी होती आणि तिथे काय जावं, हे ठरवायला आम्ही बसलो. पुढची हकीकत त्या एका ईमेलची आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि कारखान्यांचे तपशील बदलले आहेत.

अडचण

वरवर पाहता अडचण एवढीच होती की लोक उत्तर देत नाहीत. पण उत्तर न देणाऱ्यांचे दोन गट होते आणि त्यांची शांतता सारखी नव्हती. एक्केचाळीस जणांनी आम्हाला ओळखलंच नव्हतं. अकरा जणांनी ओळख करून घेऊन मग पाठ फिरवली होती, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

त्या अकरा जणांमधल्या एकाबद्दल प्रतिनिधीला विशेष आशा होती. त्यांनी डेमोला पाऊण तास दिला होता, स्वतःच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचं उदाहरण देऊन प्रश्न विचारले होते आणि शेवटी 'प्रस्ताव पाठवा, मी आत बोलतो' असं म्हणाले होते. प्रस्ताव गेला आणि त्यानंतर पाच आठवडे काहीच आलं नाही.

"सर, त्यांनी माझा ईमेल नऊ वेळा उघडलाय," ती मला म्हणाली. "मी तसं लिहू का? म्हणजे त्यांना कळेल की आपल्याला कळतंय."

दोन कारणांनी मी तिला थांबवलं. पहिलं कारण तांत्रिक आहे. ईमेल उघडल्याचा आकडा येतो तो ईमेलमध्ये लपवलेल्या एका अदृश्य चित्रावरून. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची अशी सोय आणली की माणसाने ईमेल वाचो न वाचो, ते चित्र ॲपलच्या बाजूनेच आधी उतरवून घेतलं जातं. कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणाही ईमेल आत सोडण्यापूर्वी तो उघडून तपासतात. त्यामुळे नऊ वेळा उघडला याचा अर्थ नऊ वेळा वाचला असा होईलच असं नाही. दुसरं कारण साध्या शहाणपणाचं. खिडकीतून डोकावून पाहिल्याचं कुणी घरमालकाला सांगत नाही.

पहिला मसुदा

तिने आधी लिहिलेला मसुदा असा होता:

"नमस्कार सर, आतापर्यंत मी तुम्हाला पाच ईमेल पाठवले, पण एकाचंही उत्तर आलं नाही. तुम्ही कामात असाल हे मी समजू शकते, पण निदान एका ओळीची अपेक्षा होती. यंत्रं बंद पडून होणारं नुकसान हा सध्या तुमच्यासाठी महत्त्वाचा विषय नसावा असं समजून मी तुमची फाइल बंद करत आहे. विचार बदलला तर शुक्रवारपर्यंत कळवा, त्यानंतर ही सवलत देता येणार नाही."

भाषा स्वच्छ आहे आणि उघड उद्धटपणा कुठेच नाही. तरीही चार वाक्यांत तीन वेळा समोरच्याला टोचलं आहे. पाच ईमेलचा हिशोब मांडला की पत्र वसुलीच्या नोटिशीसारखं वाटतं. मुळात ते ईमेल त्यांनी मागितलेले नव्हते, तेव्हा उत्तराचं कर्ज त्यांच्यावर चढलेलं नाही. 'महत्त्वाचा विषय नसावा' हे तर देखभाल प्रमुखाला सांगणं म्हणजे तुम्ही तुमचं काम नीट करत नाही असं आडून म्हणणं झालं. आणि शुक्रवारची मुदत खोटी होती. शनिवारी कुणी होकार दिला असता तर आम्ही सवलत दिलीच असती. ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि वाचणाऱ्यालाही कळलं असतं.

ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. पाच आठवडे एकतर्फी लिहिलं की दमणूक शब्दांत उतरते. म्हणून शेवटचा ईमेल मालिका सुरू करण्याच्या दिवशीच लिहून ठेवावा असं मला वाटतं. तेव्हा मन मोकळं असतं.

समोरचे पर्याय

निरोपाचा ईमेल हा एकच मार्ग नव्हता. आम्ही चार गोष्टींचा विचार केला.

काही न लिहिता थांबणं सगळ्यात सोपं होतं. एक्केचाळीस जणांच्या बाबतीत ते जवळपास बरोबरही होतं. पण अकरा जणांशी बोलणं झालं होतं आणि एक विषय अर्धवट उघडा होता. तो न मिटवता गायब झालो असतो तर पुढे कधी त्यांनाच गरज पडली तरी त्यांना संकोच वाटला असता. 'आपण उत्तर दिलं नव्हतं, आता कोणत्या तोंडाने लिहायचं' असा विचार माणसं करतात. निरोपाच्या ईमेलचं अर्धं काम हा संकोच काढून टाकण्याचं असतं.

दुसरा पर्याय 'सहज आठवण करून देतो' छापाचे आणखी दोन-तीन ईमेल पाठवण्याचा होता. तो लगेच बाजूला पडला. सांगायला नवं काही नव्हतं, आणि काही नवं नसताना पाठवलेल्या ईमेलवर चिडून लोक स्पॅमचं बटण दाबतात. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. त्यात स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनपर्यंत पोचू देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. आमचे ईमेल एवढे नव्हते की तो नियम जसाच्या तसा आम्हाला लागू व्हावा. पण छोट्या यादीत दोन-तीन तक्रारी आल्या तरी पाठवणाऱ्या पत्त्याची पत घसरते, आणि मग बिलाचे ईमेलसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडतात.

तिसरा पर्याय फोनचा. अकरापैकी तिघांना प्रतिनिधीने आधीच फोन केले होते. एकाने उचलला, 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवला. बाकी दोघांनी उचललाच नाही. चौथा फोन केला असता तर पाठलाग केल्यासारखं झालं असतं.

चौथा पर्याय मला सुचलेला होता आणि तो वाईट होता. त्या कॉम्प्रेसरवाल्या प्रमुखांच्या वरिष्ठांना सरळ लिहायचं. प्रतिनिधीच म्हणाली, "सर, मग त्यांना विचारणा होईल की तुम्ही उत्तर का नाही दिलंत. ते पुन्हा आपल्याशी बोलतील का?" तिचं बरोबर होतं. ज्या माणसाने आत आपली बाजू मांडायची आहे, त्यालाच आपण अडचणीत आणलं असतं.

मग निरोपाच्या ईमेलवर आलो. पण सगळ्यांना एकच पत्र पाठवायचं नाही हेही तेव्हाच ठरलं.

ईमेल कसा घडला

अकरा जणांसाठी अखेरीस लिहिलेलं पत्र असं होतं. प्रत्येकाच्या पत्रात पहिलं वाक्य वेगळं होतं. इथे दिलंय ते कॉम्प्रेसरवाल्यांचं:

"नमस्कार सर, डेमोच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात की वंगणाची नोंद दोन्ही पाळ्यांची एकाच वहीत होते आणि रात्रीची बरेचदा राहून जाते. त्यावर मी प्रस्ताव पाठवला होता. त्यानंतर बोलणं झालं नाही, म्हणून हा विषय तूर्त मागे पडला असावा असं धरून मी माझ्या बाजूने इथे थांबते. या प्रस्तावाबद्दल माझा आणखी ईमेल येणार नाही.

माझा अंदाज चुकला असेल तर एका शब्दाचं उत्तर पुरे: 'नंतर', 'नको' किंवा 'दुसरं कोणी'.

तुमच्या कॉम्प्रेसरसाठी केलेला तपासणीचा तक्ता सोबत जोडला आहे. तो छापून सॉफ्टवेअरशिवायही वापरता येईल. डेमोसाठी वेळ दिलात, त्याबद्दल आभार."

यातल्या प्रत्येक ओळीवर थोडाफार वाद झाला. ते वाद सांगायला हवेत, कारण मसुदा उचलून नेणं सोपं आहे आणि तो असा का झाला हे कळलं नाही तर दुसरीकडे तो चालत नाही.

पहिल्या वाक्यात त्यांचंच बोलणं त्यांना परत दिलं आहे. आमच्या सॉफ्टवेअरची स्तुती त्यात नाही. रात्रपाळीची नोंद राहते ही गोष्ट वाचणाऱ्याला खरी वाटते कारण ती त्यानेच सांगितलेली असते. हे वाक्य लिहिता येण्यासाठी डेमोच्या वेळचं टिपण हाताशी असावं लागतं. अकरापैकी तिघांच्या बाबतीत आमच्याकडे टिपणच नव्हतं. तिथे ओढूनताणून आपुलकी दाखवण्याऐवजी 'आपलं मागे बोलणं झालं होतं' एवढंच लिहिलं.

'तूर्त मागे पडला असावा असं धरून' या शब्दांना बराच वेळ गेला. दोष कुणाचाच नाही, विषय मागे पडला, असा सूर हवा होता. आधी 'तुम्हाला रस नाही असं दिसतं' असं होतं. त्यात त्यांच्या मनातलं आम्हीच ठरवून टाकलं होतं. विषय मागे पडणं ही रोज घडणारी गोष्ट आहे आणि कुणी ती नाकारायला जात नाही. आणि ज्याच्याकडे तो खरोखर मागे पडलेला नसतो, त्याला 'नाही हो, चालू आहे' असं म्हणावंसं वाटतं. निरोपाच्या ईमेलला कधीकधी उत्तर येतं त्यामागे बरंचसं हेच असतं. लोक चुकीचा समज दुरुस्त करायला लिहितात. शिवाय जी वस्तू आपण न मागता समोर होती ती उचलली जाते आहे असं दिसलं की माणूस एकदा तरी विचार करतो, ती हवी होती का.

तीन शब्दांच्या पर्यायाला प्रतिनिधीचा विरोध होता. "आपणच 'नको' हातात का द्यायचं?" असं तिचं म्हणणं. मला उलट वाटत होतं. नकार मिळाला की ते नाव यादीतून निघतं, पुढच्या महिन्याच्या अंदाजातून तो आकडा वजा होतो आणि प्रतिनिधीचा वेळ वाचतो. 'नको' लिहिणं सोपं केलं की 'नंतर' लिहिणंही सोपं होतं. मोठं स्पष्टीकरण द्यावं लागेल या धास्तीने जो गप्प असतो, त्याला एका शब्दात सुटका मिळते.

याच पर्यायांचा विनोदी अवतार बऱ्याच जणांनी वाचला असेल. 'तुम्ही एखाद्या जड वस्तूखाली अडकला आहात का, मदत पाठवू का?' अशा धर्तीचा. पहिल्यांदा वाचताना हसू येतं. पण तो साचा इतक्या जणांनी वापरला आहे की आता तो वाचून पाठवणाऱ्याने यादीला एकदम पाठवलंय एवढंच कळतं. शिवाय देखभाल विभागात माणसं खरोखर यंत्राखाली सापडतात. तिथे तो विनोद नकोच होता.

तक्ता जोडावा की नाही यावर माझं मत डळमळीत होतं. निरोप घेताना भेट दिली की ती लाच वाटू शकते. प्रतिनिधीचं म्हणणं होतं की तक्ता त्यांच्या डेमोसाठीच बनवला होता, तो आपल्याकडे ठेवून काय करायचं. ते पटलं. पण जोडपत्र फक्त ओळख असलेल्यांना पाठवलं. अनोळखी माणसाला फाइल किंवा लिंक जोडून पाठवली की फिल्टरला संशय येतो, आणि माणसालाही.

एक्केचाळीस जणांचा ईमेल याहून छोटा होता: "मी गेल्या काही आठवड्यांत देखभालीच्या नोंदींबद्दल तुम्हाला लिहिलं होतं. हा विषय तुमच्याकडे येत नसेल किंवा गरजेचा नसेल असं धरून मी थांबते. याबद्दल पुन्हा लिहिणार नाही." त्यात पर्याय, तक्ता किंवा आभार काही नव्हतं. ज्यांनी वेळ दिला नाही त्यांचे वेळ दिल्याबद्दल आभार मानले तर तो टोमणाच होतो.

पाठवताना

दोन गोष्टी तांत्रिक वाटतात पण त्यांनी फरक पडतो.

अकरा जणांना ईमेल जुन्याच संभाषणात उत्तर म्हणून पाठवला. म्हणजे खाली त्यांचा स्वतःचा जुना ईमेल आणि आमचा प्रस्ताव दिसत राहतो आणि शोधाशोध करावी लागत नाही. एक्केचाळीस जणांना मात्र नवा ईमेल पाठवला. त्यांच्या जुन्या साखळीत आमचेच पाच ईमेल एकाखाली एक लोंबत होते, आणि ते दृश्य न बोलता तोच हिशोब मांडतं जो आम्ही मसुद्यातून काढला होता. नव्या ईमेलचा विषय होता 'देखभालीच्या नोंदी: यापुढे लिहिणार नाही'. विषयाच्या आधी खोटं Re: लावायचा सल्ला तिला कुणीतरी दिला होता. तो आम्ही घेतला नाही. न झालेलं बोलणं झाल्याचं भासवून निरोप घेणं विचित्रच झालं असतं.

पाचव्या ईमेलनंतर आम्ही बारा दिवस थांबलो. आधीची अंतरं लहान होती, त्यामुळे आणखी लवकर गेलो असतो तर हाही पाठलागातलाच एक ईमेल वाटला असता. सोमवार टाळला, कारण त्या दिवशी या माणसांच्या डोक्यावर सुट्टीत बंद पडलेली यंत्रं असतात. अकरा ईमेल प्रतिनिधीने एकेक करून हाताने पाठवले, बाकीचे साधनाने पाठवले.

काय घडलं

एक्केचाळीस जणांकडून तीन उत्तरं आली. दोन 'नको', आणि एक 'माझं नाव काढून टाका'. त्यांच्यापैकी कुणाशीही बोलणं सुरू झालं नाही. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण निरोपाच्या ईमेलबद्दल बोलताना लोक अकरा जणांची गोष्ट सांगतात आणि एक्केचाळीस जणांची गाळतात. जिथे मुळात संबंधच नव्हता तिथे तुटण्यासारखंही काही नव्हतं.

अकरापैकी पाच जणांनी उत्तर दिलं. एकाने दुसरं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते सांगायचं राहून गेलं होतं. दोघांनी फक्त 'नंतर' लिहिलं. एकाची बदली दुसऱ्या विभागात झाली होती. त्यांनी नव्या प्रमुखांचं नाव दिलं आणि त्यांना प्रतीतही घेतलं. पाचवं उत्तर कॉम्प्रेसरवाल्यांचं होतं, आणि ते दुसऱ्याच दिवशी सकाळी आलं:

"विषय मागे पडलेला नाही. आमच्या आयटी विभागाने विचारलं होतं की आमच्या यंत्रांचा डेटा कुठे साठवला जातो आणि करार संपला तर आम्हाला तो परत मिळतो का. ते तुम्हाला विचारायचं माझ्याकडून राहिलं. मग इतके दिवस गेले की लिहायला बरं वाटेना."

मधले पाच आठवडे आम्ही किमतीचा विचार करत होतो. प्रतिनिधीने चौथ्या ईमेलमध्ये सवलतही देऊ केली होती. किंमत हा प्रश्नच नव्हता. दोन ओळींचा एक प्रश्न त्यांच्याकडे अडकला होता, आणि आमचा प्रत्येक फॉलोअप त्यांना त्या राहून गेलेल्या कामाची आठवण करून देत होता. आम्ही थांबल्यावर त्यांना लिहिता आलं.

हे उत्तर निरोपाच्या ईमेलमुळेच आलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित त्या आठवड्यात ते लिहिणारच असतील. पडताळायचं तर अकरापैकी अर्ध्यांना ईमेल न पाठवता थांबायला हवं होतं, आणि पाच-सहा माणसांच्या तुलनेतून काही सिद्ध होत नाही.

उत्तराला उत्तर

निरोपाच्या ईमेलला उत्तर आलं की ते बिघडवण्याची एक हमखास रीत आहे, ती म्हणजे आनंद. प्रतिनिधीने पाठवण्यापूर्वी मला दाखवलेलं उत्तर असं होतं: 'वा, ऐकून फार आनंद झाला! या आठवड्यात कधी बोलूया?' खाली भेटीची वेळ निवडायची लिंक होती. यात त्यांच्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हतं, आणि संकोच टाकून लिहिलेल्या माणसावर पुन्हा एक काम टाकलं होतं.

आम्ही त्याच दिवशी आमच्या तांत्रिक माणसाकडून दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून घेतली, आयटी विभागाकडे जशीच्या तशी पुढे पाठवता येतील अशा भाषेत. ईमेल चार ओळींचा होता. शेवटची ओळ: 'हे पान थेट त्यांना पाठवलंत तरी चालेल. त्यांचे आणखी प्रश्न आले तर मला कळवा.' भेटीचा उल्लेख नव्हता. नऊ दिवसांनी आयटी विभागाचे दोन प्रश्न आले आणि त्यानंतर कॉम्प्रेसर विभागापुरती चाचणी ठरली.

त्यांना पुन्हा कोणत्याही आपोआप चालणाऱ्या मालिकेत टाकायचं नाही, अशी खूण आम्ही सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनात, केली. निरोप घेऊन परत बोलायला लागलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी साच्यातला फॉलोअप गेला असता तर सगळं फुकट गेलं असतं.

जिथे चुकलो

उत्तर न दिलेल्या सहा जणांपैकी एकाचा ईमेल आला, पण निरोपानंतर सोळा दिवसांनी: "तुम्ही थांबणार होतात ना?"

झालं असं होतं की प्रतिनिधीने मालिका थांबवली, पण आमचं मासिक वार्तापत्र वेगळ्या साधनातून जात होतं. डेमोसाठी नाव नोंदवलं की ते नाव त्या यादीतही आपोआप जात होतं. प्रतिनिधीने दिलेला शब्द वार्तापत्राच्या यादीला ठाऊक नव्हता. 'या प्रस्तावाबद्दल लिहिणार नाही' असं आम्ही लिहिलं होतं आणि वार्तापत्र प्रस्तावाबद्दल नव्हतं, असा बचाव करता आला असता. मी तो काही क्षण मनात केलाही. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने पत्ता एका कंपनीचा होता आणि शब्दही कंपनीने दिला होता.

त्यांना एका ओळीची माफी आणि 'तुमचं नाव दोन्ही याद्यांतून काढलं आहे' एवढंच लिहिलं. प्रतिनिधीला माफीसोबत पुन्हा तक्ता पाठवायचा होता. मी नको म्हटलं. उरलेल्या पाच जणांची नावं त्याच दुपारी वार्तापत्रातून काढली. त्यांना ते वार्तापत्र गेलेलंच होतं. त्यांनी काही म्हटलं नाही एवढंच.

दुसरी चूक छोटी होती, पण पुढे महागात पडू शकली असती. बदली झालेल्या प्रमुखांनी उत्तर दिलं ते नव्या विभागाच्या पत्त्यावरून. साधन फक्त मूळ पत्त्यावरून आलेलं उत्तर ओळखतं. त्याच्या लेखी त्यांनी उत्तर दिलंच नव्हतं. हा शेवटचा ईमेल होता म्हणून निभावलं. मालिकेच्या मध्यावर हे घडलं असतं तर उत्तर दिलेल्या माणसाला 'उत्तर आलं नाही म्हणून लिहिते' असा ईमेल गेला असता.

पुन्हा करायचं झालं तर

'नंतर' या पर्यायात दुरुस्ती करायला हवी. दोघांनी 'नंतर' लिहिलं आणि आम्हाला कळेना की नंतर म्हणजे कधी. पुन्हा विचारावं तर निरोप मोडतो, न विचारावं तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही. आता आम्ही 'नंतर, आणि कोणता महिना' असं लिहितो. महिना आला तर त्या महिन्यात एकच ईमेल जातो आणि त्याच्या सुरुवातीला 'तुम्ही या महिन्यात लिहायला सांगितलं होतं' असं असतं.

अकरा जणांना पाच फॉलोअपची मालिका लावणंच चूक होतं असं मला आता वाटतं. डेमो पाहून गप्प झालेल्या माणसाला अनोळखी माणसाची मालिका लावली होती. दुसऱ्या ईमेललाच 'आत कुणी काही विचारलं आहे का, उत्तर मी लिहून देऊ का?' असं विचारलं असतं तर आयटी विभागाचा प्रश्न कदाचित तेव्हाच बाहेर आला असता आणि निरोपाची वेळच आली नसती. प्रतिनिधीला हे पटत नाही. तिचं म्हणणं, संकोच पाच आठवड्यांनी साठतो, तो पहिल्या आठवड्यात नव्हता, तेव्हा ते 'बघतो' म्हणून मोकळे झाले असते. असेलही.

एक्केचाळीस जणांच्या बाबतीत निरोप हवाच होता का, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. तीन नावं स्वच्छ निघाली हा फायदा. उरलेल्या अडतीस जणांच्या पेटीत आणखी एक नको असलेला ईमेल पडला हा तोटा. सध्या आम्ही अनोळखी यादीला तीन ईमेल पाठवतो आणि थांबण्याची एक ओळ तिसऱ्यातच घालतो. वेगळा निरोप पाठवत नाही.

सहा गप्प राहिलेल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा लिहावं का, हा प्रश्न मधे आला होता. अशा वेळी 'नवीन काही घडलं म्हणून' लिहायची पद्धत आहे. आम्ही ठरवलं की नवीन काही त्यांच्या बाजूने घडलं पाहिजे. म्हणजे तो माणूस दुसऱ्या कारखान्यात गेला, किंवा त्याने स्वतः चौकशी केली तर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं बटण आलं हे कारण धरायचं नाही. सीआरएममध्ये त्या नावांपुढे आता एक रकाना आहे, 'थांबतो असं सांगितलं', आणि त्यात तारीख भरली की वार्तापत्र, मालिका आणि सणांच्या शुभेच्छा, तिन्ही याद्यांतून ते नाव गळतं. शुभेच्छांची यादी आधी राहून गेली होती. ती प्रतिनिधीच्या लक्षात आली.